तूट किती, आणि तूट कशाची? अर्थसंकल्पीय भाषणातून हरवलेल्या एका आकड्याची कैफियत

१/
दोन आकडे शेजारी ठेवू. २०१९-२० या वर्षी केंद्र सरकारची राजकोषीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे जीडीपीच्या, ४.६ टक्के होती. १ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ती ४.४ टक्के धरली होती. भाषण ऐकणाऱ्याला दोन्ही वर्षे जवळपास सारखीच वाटतील. प्रत्यक्षात ती एकमेकांपासून फार दूर आहेत.

२/
२०१९-२० मध्ये सरकारने घेतलेल्या प्रत्येक शंभर रुपयांच्या कर्जामागे सुमारे ७१ रुपये रोजचा खर्च आणि रोजचे उत्पन्न यांतील भगदाड बुजवण्याइतके होते. २०२५-२६ च्या अंदाजात हाच वाटा सुमारे ३३ रुपये आहे. इतका मोठा फरक ज्या आकड्याला दिसत नाही, तोच आकडा आपण दरवर्षी अर्थसंकल्पाचा निकाल म्हणून वाचतो. या धाग्याचे भांडण त्या सवयीशी आहे.

३/
प्रथम व्याख्या, आणि त्या खऱ्या आकड्यांवरच पाहू. सरकारचे हिशेब दोन खात्यांत चालतात. महसुली खात्यात कर, लाभांश, शुल्क ही जमा येते. पगार, निवृत्तिवेतन, अनुदाने आणि व्याज हा खर्च पडतो. भांडवली खात्यात रस्ते, रेल्वे, संरक्षण सामग्री, राज्यांना दिलेली कर्जे हा खर्च येतो. निर्गुंतवणूक, कर्जवसुली आणि नवी कर्जे ही जमा येते.

४/
२०२५-२६ च्या अंदाजात महसुली जमा ३४,२०,४०९ कोटी रुपये आणि महसुली खर्च ३९,४४,२५५ कोटी रुपये होता. वजाबाकी केली की ५,२३,८४६ कोटी उरतात. ही महसुली तूट. हिचा अर्थ एवढाच, की वर्षभराचा चालू खर्च वर्षभराच्या उत्पन्नात भागत नाही. जीडीपीच्या तुलनेत ती १.५ टक्के होते.

५/
आता त्यात भांडवली खर्चाचे ११,२१,०९० कोटी मिळवा. कर्जवसुली आणि निर्गुंतवणुकीतून येणारे ७६,००० कोटी त्यातून वजा करा. उत्तर येते १५,६८,९३६ कोटी. ही राजकोषीय तूट, म्हणजे सरकारला त्या वर्षी उभे करावे लागणारे एकूण कर्ज. महसुली तूट ही राजकोषीय तुटीहून वेगळी अशी दुसरी तूट नव्हे. ती तिच्या पोटातच बसलेली आहे. एक आकडा कर्ज किती ते सांगतो, दुसरा त्या कर्जातले किती रोजच्या खर्चात जिरले ते सांगतो.

६/
हा भेद कारकुनी नाही. विहिरीसाठी काढलेले कर्ज आणि ऋण काढून केलेला सण यांत आपल्याकडचा निरक्षर शेतकरीही गल्लत करत नाही. सावकाराच्या वहीत मात्र दोन्ही रकमा सारख्याच दिसतात. राजकोषीय तूट ही सावकाराची वही आहे. सरकारला कर्ज देणाऱ्याला ती पुरते. ज्याच्या नावावर कर्ज चढते त्या नागरिकाला ती पुरत नाही.

७/
शिवाय महसुली तूट स्वतःच स्वतःला वाढवते. भांडवली कामासाठी घेतलेल्या कर्जावर व्याज पडते, पण त्या रस्त्यामुळे वा बंदरामुळे पुढे करही वाढण्याची शक्यता असते. चालू खर्चासाठी घेतलेल्या कर्जावर व्याज पडते आणि मागे काही उरत नाही. ते व्याज पुढील वर्षी पुन्हा महसुली खर्चातच मोजले जाते. २०२५-२६ च्या अंदाजात व्याजाचा बोजा १२,७६,३३८ कोटी होता. सरकारच्या महसुली जमेतील दर शंभर रुपयांपैकी सुमारे ३७ रुपये. कालची महसुली तूट आज अशी वसूल होते.

८/
आता इतिहास. १९९१ पूर्वीच्या अर्थसंकल्पीय भाषणांत 'तूट' म्हणजे तिसरेच काही असे. एकूण खर्चातून एकूण जमा वजा केली जाई, आणि त्या जमेत बाजारातून घेतलेली कर्जेही धरली जात. म्हणजे उसने आणलेले पैसे उत्पन्नात मोजायचे, आणि एवढे करूनही जे कमी पडेल त्याला तूट म्हणायचे. ही उरलेली रक्कम मुख्यतः रिझर्व्ह बँकेला दिलेल्या तदर्थ कोषागार हुंड्यांवर, म्हणजे प्रत्यक्षात नव्या चलनावर, भागे. सुखमय चक्रवर्ती समितीने १९८५ च्या अहवालात या मोजमापाच्या मर्यादा दाखवून दिल्या होत्या.

९/
२४ जुलै १९९१ रोजी डॉ. मनमोहन सिंग यांनी या पडद्यामागचे दृश्य भाषणातच उघड केले. १९९०-९१ ची राजकोषीय तूट जीडीपीच्या ८ टक्क्यांहून अधिक असल्याचे त्यांनी सांगितले. १९९१-९२ साठी जुन्या पद्धतीची तूट ७,७१९ कोटी होती आणि राजकोषीय तूट ३७,७२७ कोटी. एकाच वर्षाचे, एकाच सरकारचे हे दोन आकडे, जवळपास पाचपट अंतराचे. जुन्या आकड्याने किती झाकले होते, ते या अंतरावरून कळते. पुढे तदर्थ हुंड्यांची पद्धत एप्रिल १९९७ पासून बंद झाली आणि जुनी 'अर्थसंकल्पीय तूट' हिशेबातून गेली.

१०/
तेव्हा राजकोषीय तुटीचे ऋण मान्य करूनच पुढे जाऊ. त्या आकड्याने १९९१ मध्ये सत्य बाहेर आणले. पण झाकणारा आकडा हटवून जो उजेडात आणला, त्याच्याही पाठीमागे कालांतराने काही झाकले जाऊ लागले, आणि याची जाणीव कायदा करणाऱ्यांना होती.

११/
वित्तीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्प व्यवस्थापन कायदा २००३ मध्ये संमत झाला आणि जुलै २००४ पासून अमलात आला. त्याचा मूळ मजकूर आज पुन्हा वाचण्याजोगा आहे. कायद्याच्या कलमात तारखेसह लिहिलेले उद्दिष्ट महसुली तुटीचे होते: ती संपवायची आणि नंतर महसुली आधिक्य उभे करायचे. राजकोषीय तुटीचा प्रसिद्ध ३ टक्क्यांचा आकडा नियमांत होता. केंद्राचे महसुली खाते १९७९-८० पासून सतत तुटीत आले होते, हे त्यामागचे कारण. कर्ज घ्यावे, पण चालू खर्चासाठी घेऊ नये, हा त्या कायद्याचा आत्मा होता.

१२/
महसुली तूट संपवण्याची मुदत आधी मार्च २००८ होती, मग मार्च २००९ झाली, आणि जागतिक मंदीत ती बुडाली. त्या काळच्या संकटाबद्दल सरकारला दोष देण्याचे कारण नाही. दोष त्यानंतरच्या सावरण्याच्या रीतीत आहे. ती रीत २०१२-१३ च्या वर्षात सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून तिथे थोडे थांबू.

१३/
मार्च २०१२ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात राजकोषीय तूट ५.१ टक्के आणि महसुली तूट ३.४ टक्के धरली होती. सप्टेंबरमध्ये विजय केळकर समितीने इशारा दिला, की उपाय न केल्यास राजकोषीय तूट ६.१ टक्क्यांवर जाईल. पतमानांकन संस्थांचे डोळे भारतावर होते. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी ५.३ टक्क्यांचे नवे लक्ष्य जाहीर केले. वर्ष संपले आणि अंतिम हिशेबात राजकोषीय तूट ४.९ टक्के भरली. म्हणजे नव्या लक्ष्यापेक्षाच नव्हे, मूळ अंदाजापेक्षाही कमी.

१४/
त्याच वर्षीची महसुली तूट पाहा. अंदाज ३.४ टक्के होता, प्रत्यक्ष ३.६ टक्के झाली. एक तूट सुधारली आणि तिच्या पोटातली तूट बिघडली. हे अंकगणितात कसे बसते? भांडवली खर्च २,०४,८१६ कोटी ठरवला होता. प्रत्यक्ष १,६६,८५८ कोटी झाला. सुमारे ३८,००० कोटींची, म्हणजे जवळपास पाचव्या हिश्शाची कपात. सण झाला, विहीर राहिली, आणि सावकाराच्या वहीत शाबासकी लिहिली गेली.

१५/
यात कोणा एका मंत्र्याचा दुष्टपणा शोधू नये. महसुली खर्चाचा मोठा भाग हलत नाही: व्याज चुकवता येत नाही, पगार आणि निवृत्तिवेतन थांबवता येत नाही, अनुदान तोडले तर लोक रस्त्यावर येतात. पुलाचे काम मात्र 'पुढील वर्षी' ढकलता येते आणि न बांधलेल्या पुलासाठी मोर्चा निघत नाही. जानेवारीपासून मार्चपर्यंत एकच आकडा गाठायचा असेल, तर कोणतेही सरकार हाच मार्ग धरते. म्हणून एकट्या राजकोषीय तुटीवर डोळा ठेवणे हे तटस्थ शिस्तीचे लक्षण नाही. ते भांडवली खर्च कापण्याचे आमंत्रण आहे. महसुली तुटीचा आकडा सोबत बंधनकारक असेल, तर ही पळवाट बंद होते, कारण भांडवली खर्च कितीही कापला तरी महसुली तूट एका रुपयानेही कमी होत नाही.

१६/
आणि हाच पहारेकरी २०१८ मध्ये घरी पाठवण्यात आला. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१७ मध्ये कर्जाच्या प्रमाणाला मुख्य उद्दिष्ट करावे, अशी शिफारस केली होती. पण त्याच समितीने महसुली तूट दरवर्षी पाव टक्का कमी करत २०२२-२३ पर्यंत ०.८ टक्क्यांवर आणण्याचा मार्गही आखून दिला होता. २०१८ च्या वित्त कायद्याने कर्जाचे प्रमाण आणि राजकोषीय तुटीचे ३ टक्के स्वीकारले. महसुली तुटीचे उद्दिष्ट कायद्यातूनच काढून टाकले. म्हणजे समितीचे नाव घेतले आणि तिची अर्धीच गोष्ट ऐकली.

१७/
या वगळण्याच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद केला जातो, आणि तो पोकळ नाही. महसुली खर्च म्हणजे उधळपट्टी आणि भांडवली खर्च म्हणजे विकास, हे समीकरण खोटे आहे. शिक्षिकेचा पगार, लसीकरण, धरणाची देखभाल हे सारे महसुली खर्चात मोडते. शाळेची इमारत भांडवली आणि शिकवणे महसुली, अशी ही विभागणी आहे. केवळ महसुली तूट शून्य करायची म्हणून शिक्षकभरती थांबवली, तर तो उपाय रोगाहून वाईट.

१८/
दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे. केंद्राने राज्याला रस्ता बांधण्यासाठी दिलेले अनुदान केंद्राच्या वहीत महसुली खर्च ठरते, कारण तयार होणारी मालमत्ता केंद्राच्या मालकीची नसते. म्हणून २०११-१२ च्या अर्थसंकल्पापासून 'प्रभावी महसुली तूट' ही संकल्पना आली आणि २०१२ मध्ये ती कायद्यातही गेली. मालमत्ता निर्मितीसाठीची अनुदाने महसुली तुटीतून वजा केली, की ती मिळते. २०२५-२६ च्या अंदाजात अशी अनुदाने ४,२७,१९२ कोटी होती, आणि ५,२३,८४६ कोटींची महसुली तूट त्यामुळे ९६,६५४ कोटींवर येते.

१९/
दोन्ही आक्षेप मान्य केले, तरी त्यांतून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. तराजू थोडा वाकडा असेल तर तो सरळ करावा. वजन करणेच सोडू नये. शिक्षणावरचा खर्च वेगळा दाखवा, मालमत्तेसाठीची अनुदाने वेगळी दाखवा, प्रभावी तूटही दाखवा. शिवाय शिक्षिकेचा पगार उपयुक्त आहे, यावरून तो दरवर्षी कर्ज काढून द्यावा, हे सिद्ध होत नाही. कायम चालणारा चांगला खर्च कायम येणाऱ्या करातूनच चालला पाहिजे. नाहीतर व्याज वाढत जाते आणि एके दिवशी तेच व्याज त्या शिक्षिकेच्या जागेवर बसते.

२०/
वाकडेपणा दुसऱ्या बाजूलाही आहे, हेही सांगितले पाहिजे. तोट्यातील सरकारी कंपनीत घातलेले भागभांडवल भांडवली खर्चात दिसते, जरी त्यातून नवे काही उभे राहिले नाही तरी. आणि राजकोषीय तूटही अभेद्य नाही. अन्न महामंडळाला द्यायच्या अनुदानाऐवजी वर्षानुवर्षे अल्पबचत निधीतून कर्ज दिले गेले. ते अर्थसंकल्पाबाहेर राहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती पद्धत थांबवून थकबाकी हिशेबात आणली गेली. ज्या एका आकड्याची पूजा होते, तोच आकडा सजवण्याचा मोह सर्वांत जास्त असतो.

२१/
हे सारे दिल्लीचे प्रकरण आहे असे वाटत असेल, तर मुंबईकडे या. राज्याच्या अर्थसंकल्पीय भाषणात महसुली तूट अजूनही उच्चारली जाते, म्हणून येथे तुलना करणे सोपे आहे. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात महाराष्ट्राची महसुली तूट ९,७३४ कोटी आणि राजकोषीय तूट ९९,२८८ कोटी होती. चार महिन्यांनी, जून २०२४ मध्ये, निवडणुकीपूर्वीचा अतिरिक्त अर्थसंकल्प आला. लाडकी बहीण योजनेची घोषणा त्यातलीच. तेव्हा महसुली तूट २०,०५१ कोटी आणि राजकोषीय तूट १,१०,३५५ कोटी झाली.

२२/
राजकोषीय तुटीकडे पाहिले तर वाढ सुमारे ११ टक्क्यांची, आणि तूट राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या मर्यादेच्या आतच. काळजीचे कारण नाही, असे म्हणता येते आणि तसे म्हटलेही जाते. महसुली तुटीकडे पाहिले तर ती चार महिन्यांत दुपटीहून अधिक झाली. वाढलेल्या ११,०६७ कोटींच्या राजकोषीय तुटीपैकी १०,३१७ कोटी, म्हणजे ९३ टक्के, महसुली तुटीचे होते. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या पुढच्या अर्थसंकल्पात महसुली तुटीचा अंदाज ४५,८९१ कोटींवर गेला.

२३/
बहिणींना पैसे द्यावेत की नाही, हा या धाग्याचा विषय नाही. द्यावेत, असे मानणाऱ्याने तर अधिक आग्रहाने विचारले पाहिजे, की ते कोणत्या करातून येणार; कारण कर्जावर उभी असलेली योजना पहिल्या टंचाईत कापली जाते. हा प्रश्न विचारता येतो, तो भाषणात महसुली तुटीचा आकडा आहे म्हणूनच. केंद्राच्या बाबतीत तो 'अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात' या वेगळ्या पुस्तिकेत शोधावा लागतो. तिथे तो छापलेला असतो. लपवलेला नाही, पण त्याच्यासाठी कोणी उत्तरदायी राहिलेला नाही.

२४/
येथे एक विसंगती लक्षात घ्या. २०२५-२६ च्या अंदाजात महसुली तुटीचा वाटा २०१९-२० च्या निम्म्याहूनही कमी आहे. ही खरी सुधारणा आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे. पण ती कायद्यामुळे झालेली नाही. कायदा तर ती मागतच नाही. ती सरकारच्या आजच्या इच्छेवर उभी आहे. उद्या निवडणूक जवळ आली, भांडवली खर्च आटला आणि खिरापती वाढल्या, तरी भाषणातला आकडा ४.४ च राहू शकेल आणि टाळ्याही तितक्याच पडतील.

२५/
शेवटी संविधानाकडे जाऊ. अनुच्छेद ११२ नुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्रात महसुली खात्यावरील खर्च इतर खर्चापासून वेगळा दाखवावाच लागतो. राज्यांसाठी अनुच्छेद २०२ तेच सांगतो. 'राजकोषीय तूट' हा शब्द त्या अनुच्छेदांत नाही. चालू खर्च कोणता आणि इतर खर्च कोणता, हे नागरिकाला कळले पाहिजे, एवढी दूरदृष्टी संविधानकर्त्यांना होती. म्हणून मागणी साधी आहे: महसुली तुटीचे उद्दिष्ट, हवे तर 'प्रभावी' रूपात, कायद्यात परत आणा, आणि भाषणात राजकोषीय तुटीच्या पुढच्याच वाक्यात ती उच्चारा.

२६/
तोवर एक काम वाचकाला स्वतः करता येईल. पुढील १ फेब्रुवारीला भाषणातला टक्का ऐकला, की तेवढ्यावर मत बनवू नका. पुस्तिकेचे पहिले पान उघडा, महसुली तुटीला राजकोषीय तुटीने भागा आणि शंभराने गुणा. ७१ आले की ३३ आले, ते पाहा. मग टाळी वाजवायची की नाही, ते ठरवा.

(धागा समाप्त)